मदत हवी आहे: गाविलगडच्या सूचनेत ‘सोपा ट्रेक’ऐवजी काय लिहू?

आमचा परतवाड्याचा ग्रुप मार्चमध्ये चिखलदऱ्याहून गाविलगडला जाणार आहे. जुन्या सूचनेत ‘सोपा ट्रेक, सर्वांसाठी’ एवढंच होतं. चिखलदऱ्यापर्यंत गाडी जाते, म्हणून चढ कमी हे खरंच. पण गडाचा पसारा मोठा, सावली तुरळक आणि तलावाचं पाणी पिण्याजोगं नाही. उतरताना सुट्या दगडांवरून पाय घसरतो.

नव्या मसुद्यात ‘मध्यम’ लिहिलं, तर निम्मे जण विचारतात, म्हणजे किती? मग लिहिलं: ‘चार तास चालणं, बहुतेक उन्हात. माणशी तीन लिटर पाणी, टोपी, मीठ-साखर, बूट. अस्वलाचा वावर असतो, म्हणून एकटं मागे-पुढे जायचं नाही. अकराला जिथे असू तिथून परत.’ हे वाचून दोघांनी नावं मागे घेतली. माझ्या मते बरंच झालं, पण वर्गणी गोळा करणारे भाऊ रुसले.

यादी लांबवायची नाही. लोक मोबाइलवर पहिल्या चार ओळीच वाचतात. चपलेवर येणाऱ्याला गाडीतच बसवणार नाही, हेही सांगायचंय, पण अपमान न करता.

तर पहिल्या चार ओळींत काय ठेवू, आणि चपलेचं वाक्य तुम्ही कसं लिहाल?