शब्दचर्चा: 'सावत्र' लिहावं की टाळावं?

गोदाकाठची: एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय आणि एका शब्दावर गाडी अडली आहे. साडेतीन वर्षांपूर्वी माझं लग्न झालं तेव्हा नवऱ्याची मुलगी आठ वर्षांची होती. तिची आई त्याआधी दोन वर्षांपूर्वी आजारात गेलेली. लेख त्यावरच आहे, म्हणजे आयती आई होणं प्रत्यक्षात कसं असतं त्यावर. मी सगळीकडे 'सावत्र आई' लिहिलं होतं. संपादकांनी तेवढं खोडून 'नवी आई' केलंय. म्हणाले, 'सावत्र' वाचलं की वाचक पहिल्याच ओळीत तुम्हाला छळणारी बाई ठरवतो.

मला 'नवी आई' खोटं वाटतं. जुना मिक्सर देऊन नवा आणला तसं. तिची आई जुनी झालेली नाही, हॉलमध्ये फोटो आहे, रोज हार असतो.

दुसरं म्हणजे लेखातला मुख्य प्रसंगच शब्दाचा आहे. पहिले सात-आठ महिने तिने मला कशानेच हाक मारली नाही. आई नाही, मावशी नाही, काकू नाही, नाव तर नाहीच. बोलायची, पण कसं? 'डबा झाला का?' 'पेन संपलंय.' 'उद्या सह्या लागतील.' मराठीत समोरच्या माणसाला वगळून इतकं बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. मी स्वयंपाकघरात असले तर चालत यायची, दाराशी उभी राहायची, मी वर बघेपर्यंत थांबायची आणि मग बोलायची. हाक मारायला लागू नये म्हणून. तर या नात्याला कागदावर काय म्हणू?

सिन्नरकर: ताई, 'सावत्र' शब्द मुळात वाईट नाही. तो 'सपुत्र'वरून आलाय. स-पुत्र, म्हणजे आधीच पुत्र असलेल्या घरात आलेली. प चा व होतोच, दीप-दिवा बघा. बिनधास्त लिहा.

जुना वाडा: सिन्नरकर, प चा व होतो हे बरोबर, बाकी गडबड आहे. मूळ शब्द 'सपत्नी', म्हणजे एकाच नवऱ्याची दुसरी बायको. त्याचं प्राकृतात 'सवत्ती' आणि आपली 'सवत'. त्याच सपत्नीपासून 'सापत्न', आणि 'सावत्र' त्याच घरातला. गंमत पुढे आहे. संस्कृतात 'सपत्न' हा पुल्लिंगी शब्द सवतीवरून पाडून घेतला आणि त्याचा अर्थ झाला शत्रू. म्हणजे वैऱ्याला नाव द्यायला सवत उसनी घेतली!

तेव्हा गोदाकाठची, तुमच्या शब्दात मूल कुठेच नाही. तो दोन बायकांच्या भांडणाचा शब्द आहे, मूल त्यात फरफटत आलं. हिंदू विवाह कायद्याने 1955 साली एक बायको असताना दुसरी करणं बंद केलं, सवत घरातून गेली, तिची सावली मात्र शब्दात राहिली.

सिन्नरकर: बाई, मग 'सावत्र'मधला 'त्र' कुठून आला? सवत्ती-सवत मध्ये र नाही. पुत्रातच आहे. उत्तर द्या.

मखमलाबाद: सापत्न तर रोज पेपरात असतो. कांद्याला सापत्न वागणूक, नाशिकला सापत्न वागणूक. लासलगावचा कांदा बिचारा कुणाचा सावत्र मुलगा आहे देव जाणे.

शुद्धमराठी: संस्कृतात 'विमाता' असा सुरेख शब्द आहे. सावत्र भावाला 'वैमात्रेय'. त्यात सवतही नाही आणि छळही नाही. रूढ करायला काय हरकत? आपण चांगले शब्द मरू देतो आणि मग रडत बसतो.

मखमलाबाद: शाळेतल्या मीटिंगला 'मी हिची विमाता' म्हणून उभं राहा, बाकीचे पालक विमा एजंट समजतील.

पंचवटीकर: आपण नाशिकचे लोक या शब्दावर बोलायचे पहिले मानकरी. रामाला पंचवटीत आणलं कुणी? सावत्र आईने! कैकेयीने वर मागितला नसता तर ना सीतागुंफा, ना शूर्पणखेचं नाक, आणि नाक नाही तर 'नासिक' तरी कुठलं? पण एक बघा. सुमित्राही रामाची सावत्र आईच. तिला कुणी कधी सावत्र म्हटलंय? चांगली वागली की नुसती आई, वाईट वागली की सावत्र आई. म्हणजे शब्द नात्याचा राहिलेलाच नाही, वागण्याचा झालाय.

जुना वाडा: पंचवटीकर, नाकाचा किस्सा ऐकायला गोड, पण तो वेगळा धागा काढा. सुमित्रेचं मात्र पटलं. तशीच कुंती. नकुल-सहदेव माद्रीचे. पांडव वनवासाला निघाले तेव्हा कुंतीने द्रौपदीला कुणाकडे जास्त लक्ष दे म्हणून सांगितलं? सहदेवाकडे. तिला तरी सावत्र कोण म्हणतं.

निफाडचा बागायतदार: सगळे आईबद्दलच बोलताय, सावत्र बापाचं काय? बाईंचं खरं धरलं तर बापाला सवत नसतेच, मग तो सावत्र कसा? मी आहे म्हणून विचारतो. बायकोचा घटस्फोट झालेला, मुलगा चौदाचा, मला काका म्हणतो. त्याचे वडील पुण्यात असतात, महिन्यातून एकदा भेटतो. मला 'काका' चालतं. लोकांना चालत नाही. लग्नकार्यात कुणीतरी म्हणतंच, 'अरे काका काय, पप्पा म्हण.' की पोराची मान खाली.

गेल्या वर्षी सायकलवरून पडून हात मोडला. मी उचलून दवाखान्यात नेलं, ऑपरेशनच्या कागदावर सही करायला गेलो तर विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं सावत्र वडील. पेन परत घेतलं आणि म्हणाले आईला बोलवा. ती लग्नाला येवल्याला गेलेली, दीड तास लागला. राग आला, पण भांडू कुणाशी?

वकील, मेरी: दादा, त्यांनी सावधपणा केला. हिंदू अल्पवयीनत्व व पालकत्व कायदा, 1956. त्यात नैसर्गिक पालक कोण ते कलम 6 सांगतं, आणि खाली स्पष्टच लिहिलंय की 'पिता' आणि 'माता' यांत सावत्र पिता आणि सावत्र माता येत नाहीत. कितीही वर्षं सांभाळा, लग्नाने आपोआप पालकत्व मिळत नाही. दत्तक घेता येतं, पण मुलाचे वडील हयात आहेत, त्यांची संमती लागेल. ते देणार का आणि मुलाला ते हवंय का, हे आधी बघा. गोदाकाठचींचं वेगळं, तिथे वडील घरातच आहेत, सही त्यांचीच चालते.

म्हणून सांगतो, कायद्याच्या कागदावर 'सावत्र' शिवी नाही, उपयोगाचा शब्द आहे. तो नसता तर तुम्ही कोण हेच लिहिता आलं नसतं.

गंगापूर रोड: आता सरकारी कागदावर मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असं आहे ना? मग ताई, तुमचंच नाव लागेल की.

वकील, मेरी: ते 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांना. आणि लागेल ते जन्मदात्रीचं. प्रश्न काय चाललाय, तुम्ही कुठे.

आजीबाईचा बटवा: आमच्यात सरळ मावशी म्हणायचे. माय मरो, मावशी उरो. बहीण गेली की तिच्या मुलांसाठी धाकटीला द्यायचेच, मग ती खरीखुरी मावशीच असायची. माझ्या आजोबांना सांभाळलं ते त्यांच्या मावशीनेच. तुमच्या मुलीला मावशी म्हणायला लावा, सोपं जातं.

गोदाकाठची: आजी, 'लावा' इथेच चुकलं होतं. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात लावलं होतं, 'आई म्हण, नाहीतर तिला वाईट वाटेल.' मुलगी म्हणाली 'आई', भिंतीकडे बघून. नंतर दोन दिवस जेवली नाही नीट. त्यानंतर ते बिननावाचं बोलणं सुरू झालं.

तपोवनातली: मी कुटुंब समुपदेशनात काम करते, शब्दांतलं फार कळत नाही. पण हे वारंवार बघते. मुलाला 'आई' म्हणायला लावलं की त्याला वाटतं आपण गेलेल्या आईशी बेइमानी करतोय. एक ओळखीची खूण सांगते. नव्या माणसाबरोबर एखादा दिवस फार छान गेला की दुसऱ्या दिवशी मूल हमखास आंबट होतं. मोठ्यांना वाटतं कालचं खोटं होतं. तसं नसतं. काल मजा आली म्हणूनच आज त्याला टोचतंय.

आणि शिस्त. पहिली दोन-तीन वर्षं ओरडणं, अभ्यास, मोबाइल बंद, हे ज्याचं मूल त्याने बघायचं. नव्याने आलेल्याने घरी आलेल्या प्रेमळ आत्याइतकंच बोलावं. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. बाप म्हणतो, आता तू आलीस, तू बघ.

गोदाकाठची: अगदी हेच. सोमेश्वरला गेलो होतो, धबधब्याशी भिजलो, तिने माझ्या ओढणीने डोकं पुसलं, मक्याचं कणीस अर्धं मला दिलं. मी रात्री नवऱ्याला म्हटलं, जमलं बघ. सकाळी तिने माझ्या हातची वेणी सोडून टाकली आणि आईचा जुना कंगवा शोधत बसली. मी चिडले. 'शाळेला उशीर होतोय, कसला कंगवा' असं ओरडले. हे लेखात आहे, संपादकांना तेही काढायचं होतं. मी नाही म्हटलं.

जुना वाडा: हाकेबद्दल थोडं. न-हाक आपल्या भाषेला नवी नाही. माझ्या आईने वडिलांना जन्मभर नावाने हाक मारली नाही. 'ऐकलं का', 'इकडून यायचं झालं का'. तिथे मान होता, तुमच्या घरात अंतर आहे, पण व्याकरण एकच. कर्ता गाळायचा, क्रियापद नपुंसकलिंगी करायचं. मुलीने ते कुठून शिकलं म्हणे? मला विचाराल तर तुमच्या लेखाचा विषय नाम नाही, सर्वनाम आहे. ती तुम्हाला 'तू' म्हणते की 'तुम्ही'?

गोदाकाठची: बाई, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. आधी काहीच नव्हतं. मग वर्षभराने 'तुम्ही' आलं, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. 'तू' आलं ते मागच्या पावसाळ्यात, आणि भांडणात. मी तिचा रेनकोट न विचारता धुवायला टाकला होता. दारातून ओरडली, 'तू माझ्या वस्तूंना हात का लावतेस?' मी तशीच उभी राहिले. तिला वाटलं मी रागावले.

शुद्धमराठी: मोठ्यांना 'तू' म्हणणं हल्ली फार वाढलंय. हे लेखात कौतुकाने देऊ नका, चुकीचा संदेश जातो.

निफाडचा बागायतदार: अहो, आईला 'तूच' म्हणतात की. 'तुम्ही' सासूला.

शुद्धमराठी: आमच्याकडे आईलाही 'तुम्ही' म्हणत.

मखमलाबाद: तुमच्याकडे विमाताच असेल.

तपोवनातली: गोदाकाठची, मग हाक कोणती मारते आता?

गोदाकाठची: अजून नाहीच मारत. 'अगं' म्हणते कधी कधी. फ्रिजवर तिने एक कागद लावलाय, अडचणीत फोन करायचे नंबर. पप्पा, आजी, रिक्षावाले काका, अशी नावं आणि पुढे नंबर. खाली माझा नंबर आहे, नावाची जागा कोरी. मी विचारलं नाही. लेखात ते तसंच लिहिलंय. 'नवी' मात्र सगळीकडून काढून परत 'सावत्र' घातलंय आणि पाठवून दिलंय. संपादक म्हणतात, बघू.

सिन्नरकर: ते सगळं ठीक आहे, पण 'त्र' कुठून आला ते अजून कुणी सांगितलं नाही.