सल्ला हवा: पुण्याहून म्युनिकला कुत्रा न्यायचा आहे, लस-दाखले कसे?

काळूची_आई: देशी कुत्रा, वय 2. रेबीजची लस दरवर्षी, शेवटची ऑक्टोबरमध्ये. चिप नाही. तिकीट 20 एप्रिलचं आहे, कागदपत्रांना 40 हजारांपर्यंत खर्च करू शकते. आज 3 जानेवारी, वेळ पुरेल ना?

बॅगभरून: एजंट धरा, दीड लाखात सगळं होतं. आम्ही तेच केलं, सुटलो.

शेपूटवाला: भरपूर वेळ आहे. चिप बसवा, लशीनंतर 21 दिवस थांबा, झालं.

गोठ्यातला_डॉक्टर: भारतातून जाताना नुसते 21 दिवस पुरत नाहीत. भारत युरोपियन युनियनच्या सूट असलेल्या देशांच्या यादीत नाही, म्हणून टायटर टेस्ट, म्हणजे लशीने रेबीजविरुद्ध पुरेशी प्रतिकारशक्ती आली का ते बघणारी रक्ततपासणी, लागते. ताई, ऑक्टोबरची लस धरली जाणार नाही, कारण तेव्हा चिप नव्हती. चिप 15 आकडी, आयएसओची घ्या आणि टोचल्यावर स्कॅनरवर वाचून दाखवायला सांगा. लस त्यानंतर, त्याच दिवशी चालेल. 5 जानेवारीला दोन्ही केलं तर रक्त 30 दिवसांनी, म्हणजे 4 फेब्रुवारीपासून पुढे. 6 तारीख धरा. 30 दिवस भरायच्या एक दिवस आधी घेतलं तरी नमुना बाद. रिझल्ट 0.5 किंवा जास्त हवा, आणि लॅब युरोपियन युनियनच्या मंजूर लॅबच्या यादीतलीच. रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं, म्हणजे 6 मे. रिपोर्ट हातात आला त्या दिवसापासून मोजू नका. 20 एप्रिल जमत नाही.

मांजरप्रेमी_ठाणे: अमेरिकेला कुत्रा सहा महिन्यांहून लहान नेता येत नाही, एवढं बघा.

शेपूटवाला: ती म्युनिकला चालली आहे! बरं, तीन महिने माझ्या लक्षात नव्हते. मग भावाने मेमध्ये आणून द्यावा.

गोठ्यातला_डॉक्टर: इथेच लोक अडकतात. दुसऱ्या कुणी आणलं तर मालकाचा प्रवास त्या तारखेच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांच्या आत असायला हवा. नाहीतर तो व्यापारी आयातीच्या नियमांत जातो आणि कागद वेगळे लागतात. आरोग्य दाखला सरकारी पशुवैद्याच्या सहीचा, विमान उतरायच्या आधीच्या 10 दिवसांतला हवा, त्यामुळे मुंबईच्या प्राणी क्वारंटाइन केंद्राची वेळ आधीच ठरवा. दाखला इंग्रजीत आणि युरोपात पहिल्यांदा उतराल त्या देशाच्या भाषेत. पॅरिसवरून जात असाल तर जर्मन नव्हे, फ्रेंच.

बॅगभरून: म्हणूनच म्हटलं, एजंट.

मांजरप्रेमी_ठाणे: आणि रक्तातून वेगळं काढलेलं सीरम लाल झालेलं पाठवू नका, लॅब परत करते.

गोठ्यातला_डॉक्टर: बरोबर. नळीवरच्या आणि फॉर्मवरच्या चिप नंबरात एका आकड्याचा फरक पडला तरी सगळं पहिल्यापासून. ताई, सोपा उपाय म्हणजे तिकीट 10 मेनंतर ढकला.

काळूची_आई: तिकीट ढकलणं शक्य नाही, नोकरी 22 एप्रिलला सुरू. एजंटही नको. काळू भावाकडे राहील, मी 24 मेला चार दिवसांसाठी येऊन स्वतः घेऊन जाईन. चिप सोमवारी, लस लगेच. दाखल्याची वेळ मी इथे नसताना भाऊ घेऊ शकतो का?