शब्दचर्चा : ‘लायटिक लीजन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रज्ञा : मल्टिपल मायलोमा या मज्जेतल्या पेशींच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी मी मराठीत एक माहितीपत्रक लिहीत आहे आणि हाडांतल्या पोकळ्यांसाठी अहवालांत वारंवार येणाऱ्या ‘मल्टिपल लायटिक लीजन्स’ या शब्दांपाशी अडले आहे. एका जुन्या मसुद्यात ‘अस्थिक्षय’ लिहिलेले आहे, तर दुसऱ्यात ‘हाडांची झीज’. पहिला शब्द वाचून घरच्यांना हाडाचा टीबी वाटेल, दुसरा वाचून गुडघेदुखी. आणि ‘विलयी विकृती’ हा कोशातला शब्द तर कोणालाच कळणार नाही. रुग्णाला समजेल आणि वैद्यकीयदृष्ट्या चूकही ठरणार नाही, असा शब्द कोणी सुचवू शकेल का?

श्रीधर : ‘झीज’च ठेवावे, असे माझे मत आहे. हाडातले कॅल्शियम निघून रक्तात येते आणि हाड ठिसूळ होते, म्हणजे ती झीजच झाली. झीज किती झाली आहे हे बोन स्कॅन आणि अल्कलाइन फॉस्फटेज या दोन तपासण्यांवरून कळते. दोन्ही नॉर्मल असतील तर हाडे शाबूत आहेत, असेही पत्रकात लिहिता येईल. माझ्या काकांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगात डॉक्टर याच दोन तपासण्या पाहत असत.

डॉ. मेधा : श्रीधरराव, कॅल्शियमबद्दल आपण लिहिले ते बरोबर आहे, परंतु पुढचे वाक्य कृपया पत्रकात जाऊ नये. प्रोस्टेटचा कर्करोग हाडात पसरला की तिथे बहुधा नवे हाड तयार होऊ लागते, आणि बोन स्कॅन व अल्कलाइन फॉस्फटेज या दोन्ही तपासण्या मुख्यतः या नव्या बांधणीचीच खूण पकडतात. मायलोमात नेमकी ही बांधणीच बंद पडलेली असते. मज्जेतल्या कर्कपेशी हाड स्वतः खात नाहीत. त्या हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना चेतवतात आणि त्याच वेळी हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींना रोखून धरतात. त्यामुळे हाडात मोठी पोकळी असूनही बोन स्कॅन स्वच्छ येऊ शकतो आणि फॉस्फटेज नॉर्मल राहते.

एक नमुना म्हणून पुढील रुग्ण पाहावा. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण असे अहवाल नेहमीच दिसतात. वय ६२, चार महिने पाठदुखी, ‘मणक्याची झीज’ म्हणून वेदनाशामक गोळ्या सुरू. हिमोग्लोबिन ९.१, क्रिएटिनिन १.७, अल्कलाइन फॉस्फटेज ८४. कॅल्शियम १०.३ मिलिग्रॅम, वरवर नॉर्मल, म्हणून त्याकडे कोणी पाहिले नाही. पण अल्ब्युमिन २.८ ग्रॅमच आहे. अल्ब्युमिन ४ ग्रॅमपेक्षा जितके कमी, त्याच्या ०.८ पट कॅल्शियममध्ये मिळवायचे असते, म्हणजे १.२ गुणिले ०.८, साधारण १.० ची भर पडून खरे कॅल्शियम ११.३ होते, आणि ते वाढलेले आहे. एकूण प्रथिने ९.८ ग्रॅम, त्यातून अल्ब्युमिन वजा केले की ग्लोब्युलिन ७ ग्रॅम उरते, जे एरवी साडेतीनच्या आत असते. लघवीच्या पट्टीवर प्रथिने जेमतेम दिसली, कारण ती पट्टी अल्ब्युमिन ओळखते, मायलोमाच्या पेशींतून येणारी लाइट चेन्स ही प्रथिने नव्हे. २४ तासांच्या लघवीत मात्र ती ३ ग्रॅम निघाली. बोन स्कॅन निर्दोष होता. कमी मात्रेच्या संपूर्ण शरीराच्या सीटीत कवटी, मणके आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकात पोकळ्या दिसल्या.

‘झीज’ या शब्दाला माझा विरोध आहे तो यासाठीच. या रुग्णाचे चार महिने त्या एका शब्दात गेले, आणि त्या काळात घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण वाढवला तो वेगळाच.

प्रज्ञा : मग साध्या एक्स-रेवर विसंबून राहता येईल का? आमच्या मसुद्यात तोच आहे.

डॉ. मेधा : एक्स-रेत दिसण्यासाठी त्या जागचे साधारण ३० ते ५० टक्के खनिज गेलेले असावे लागते, त्यामुळे तो स्वच्छ आला तरी सुटका मानू नये. सीटी किंवा पेट-सीटीत ५ मिलिमीटर वा त्याहून मोठी एक जरी विलयाची जागा दिसली, तरी मायलोमाचे निदान झालेल्या व्यक्तीत उपचार सुरू करण्यास तेवढे पुरेसे मानले जाते.

वैशाली : माझ्या आईला ऑस्टिओपोरोसिससाठी वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन देतात. मायलोमाच्या रुग्णाला हेच औषध दर महिन्याला देतात असे ऐकले. मग आईला कमी दिले जाते आहे का? तिचेही हाड ठिसूळच आहे.

डॉ. मेधा : नाही, वैशालीताई, आईंच्या उपचारात काही कमतरता नाही. ऑस्टिओपोरोसिसमध्ये ५ मिलिग्रॅम वर्षातून एकदा देतात. मायलोमात हाडाचा विलय सतत आणि जोरात चालू असतो, म्हणून ४ मिलिग्रॅम, किमान १५ मिनिटांत सावकाश, दर तीन-चार आठवड्यांनी देतात, आणि उपचार घेणाऱ्या रुग्णाला हाडात पोकळी दिसत नसली तरीही देतात. आजार आटोक्यात आल्यावर अंतर तीन महिन्यांपर्यंत वाढवावे की नाही, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. मी स्वतः आजार पूर्ण शांत असेल तरच वाढवते. मूत्रपिंडाचे काम दाखवणारा क्रिएटिनिन क्लिअरन्स ६० च्या खाली असेल तर मात्रा कमी करतात आणि ३० च्या खाली हे औषध टाळतात. तेव्हा डेनोसुमॅबचा पर्याय उरतो. त्याला मूत्रपिंडाची अट नाही, पण अशाच रुग्णांत त्याने कॅल्शियम फार खाली जाऊ शकते, म्हणून आधी ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून घ्यावी लागते. शिवाय ते मध्येच सोडून दिल्यास मणक्यांचे अस्थिभंग एकामागून एक होण्याचा धोका असतो.

मधुकर : मी दंतवैद्य आहे, म्हणून एक भर घालतो. ही औषधे सुरू असताना दात काढला तर जबड्याचे हाड उघडे पडून महिनोन्‌महिने भरत नाही, असे रुग्ण मी पाहिले आहेत. सडलेले, हलणारे दात पहिल्या इंजेक्शनपूर्वी काढून जखम भरू द्यावी, हे पत्रकात अवश्य लिहावे. शब्दाविषयी म्हणाल, तर ‘पोखरलेल्या जागा’ असे लिहावे. दातासाठी आम्ही रोज तेच क्रियापद वापरतो आणि ते लगेच कळते.

श्रीधर : पण पोखरते म्हटले की कर्करोगच हाड खातो असा समज होणार, आणि तसे नाही असे डॉक्टरांनी वरच सांगितले आहे. शिवाय दातातली पोकळी भरतात, तशी औषधाने हाडातलीही भरेल असे रुग्णाला वाटणार नाही का?

डॉ. मेधा : हा आक्षेप रास्त आहे. आजार पूर्ण आटोक्यात आला तरी सीटीतल्या बहुतेक पोकळ्या तशाच राहतात, आणि दर वेळी अहवालात त्या वाचून घरचे घाबरतात. मांडीच्या हाडातल्या पोकळीने कवच अर्ध्याहून अधिक खाल्ले असेल तर ते मोडण्याआधीच रॉड बसवण्याचा विचार करावा लागतो. औषधाची वाट पाहून भागत नाही. वरच्या नमुन्यातल्या रुग्णाबाबत अस्थितज्ज्ञांशी याचविषयी बोलावे लागेल.

प्रज्ञा : तर मी सध्या असे लिहिते : ‘हाड विरघळून पडलेल्या पोकळ्या, उपचार यशस्वी झाले तरी त्या अहवालात दिसत राहू शकतात.’ पाठीत नवी, तीव्र कळ येऊन पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडकली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, ही ओळ ठळक ठेवते. ‘पोखरणे’ मजकुरात एकदा वापरावे की टाळावे, हे मात्र माझे अजून ठरत नाही.

मधुकर : एकदा वापरून पाहा, प्रज्ञाताई, आणि दोन-तीन रुग्णांना वाचायला द्या. त्यांना काय वाटले ते इथे कळवा.