सबटायटल व्हिडिओवरच छापायची की वेगळी फाइल द्यायची?

शेतशिवार: सोयाबीनच्या बीजप्रक्रियेवर चार मिनिटांचा आडवा व्हिडिओ केलाय. यूट्यूब, इन्स्टा रील आणि गावोगावचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, तिन्हीकडे टाकायचाय. मराठी सबटायटल व्हिडिओवरच छापू की वेगळी फाइल देऊ?

पाटीलबुवा: छापा आणि मोकळे व्हा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओला सबटायटलची फाइल जोडायची सोयच नाही. एसटी स्टँडवर आवाज बंद करून बघणारा माणूस कुठलं बटण शोधत बसणार?

निनाद: बोलणं मराठीत, बघणारे मराठी. मग सबटायटल हवीतच कशाला?

रेवाची आई: माझ्या मुलीला ऐकू येत नाही, म्हणून हवीत. यूट्यूबवर ती अक्षरं मोठी करते, मागे काळी पट्टी लावते. छापलेल्या पांढऱ्या अक्षरांमागे उजळ आभाळ आलं की तिचं वाक्य हुकतं. माझं मत वेगळ्या फाइललाच.

संकलक: पाटीलबुवा, व्हॉट्सअ‍ॅपचं पटलं, यूट्यूबचं नाही. बीजप्रक्रियेत औषधाचं प्रमाण येणार. किलोला 3 ग्रॅमच्या जागी 30 छापलं गेलं तर? यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी दुसरा ठेवता येत नाही. नवा टाकावा लागतो, लिंक बदलते, जुन्या कॉमेंट जातात. सबटायटलची वेगळी `.srt` फाइल असेल तर तेवढी ओळ सुधारून फाइल पुन्हा चढवायची, लिंक तीच राहते.

शिवाय छापलेला आडवा व्हिडिओ रीलसाठी उभा कापला की ओळींची दोन्ही टोकं उडतात. म्हणून मूळ व्हिडिओ कोराच ठेवा आणि एकच `.srt` UTF-8 मध्ये सेव्ह करा. यूट्यूबला कोरा व्हिडिओ आणि ती फाइल. रीलसाठी आधी उभा कापा, मग छापा, तेही जरा वर, कारण तळाशी खात्याचं नाव आणि मजकूर येतो. व्हॉट्सअ‍ॅपची प्रत अशी काढा:

```
ffmpeg -i shet.mp4 -vf "subtitles=mr.srt:force_style='FontName=Noto Sans Devanagari,FontSize=24'" wa.mp4
```

मग 'बीजप्रक्रिया' आणि 'मिश्रण' जिथे येतात तिथे व्हिडिओ थांबवून बघा. जोडाक्षर फुटलं असेल किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसली असेल, तर फॉन्ट नीट लागलेला नाही किंवा त्या ffmpeg मध्ये अक्षरं जुळवणारं HarfBuzz नाही.

पाटीलबुवा: मी तरी यूट्यूबलाही छापूनच देईन. लोक तिथून उतरवून पुढे पाठवतात, तेव्हा तुमची फाइल मागेच राहते.

संकलक: छापलेल्यावर कुणी सीसी चालू केलं की एका ओळीवर दुसरी चढते, दोन्ही वाचता येत नाहीत. रेवासारख्यांची तर जास्तच अडचण.

पाटीलबुवा: बरं, आणि ग्रुपमधून फिरलेले 30 ग्रॅम कसे परत आणाल?

संकलक: नाहीच आणता येत. म्हणून ती प्रत सगळ्यात शेवटी काढायची. आधी यूट्यूबवर टाका, जाणकारांना आकडे तपासू द्या, मग छापा.

पाटीलबुवा: पेरणी तोंडावर असताना तेवढं थांबणार कोण?