मदत हवी आहे: गेम प्ले स्टोअरवर एवढासा, फोनमध्ये १४ जीबी! काय उडवू?

सायली_क
फोन ६४ जीबीचा आहे आणि स्टोरेज फुल्ल दाखवतोय. कॅमेरा उघडला की "जागा नाही". उद्या सकाळी ताईचा साखरपुडा आहे, शूटिंग माझ्याकडे आहे. सेटिंगमध्ये पाहिलं तर भावाच्या एका गेमने १४ जीबीच्या वर जागा खाल्लीये. गेम डाउनलोड करताना एवढा मोठा नव्हता. क्लिअर कॅश दाबलं, काही फरक पडला नाही. काय डिलीट केलं तर चालेल? भावाची आयडी जाता कामा नये, बारावीचं टेन्शन एकीकडे आणि आयडी गेली तर तो घर डोक्यावर घेईल. लवकर सांगा प्लीज.

गोट्या७७
एखादं चांगलं क्लीनर ॲप टाक. एका क्लिकमध्ये सगळा कचरा साफ. मी रोज रात्री चालवतो.

रानवाटा
क्लीनर टाकू नकोस. अँड्रॉइड ११ पासून बाहेरच्या ॲपला दुसऱ्या ॲपच्या Android/data फोल्डरमध्ये शिरताच येत नाही, आणि तुझे १४ जीबी बहुतेक तिथेच आहेत. क्लीनर वरवरचं काहीतरी पुसून "२ जीबी वाचवले" म्हणेल, गेम तसाच राहील.
आधी चार गोष्टी सांग. गेम कोणता? फोनचं अँड्रॉइड कितवं? भाऊ कशाने लॉगिन करतो? आणि सेटिंग, ॲप्स, तो गेम, स्टोरेज इथे तीन आकडे दिसतात, ते जसेच्या तसे टाक.

अंजनवेलकर
व्हॉट्सॲपची मीडिया ऑटो डाउनलोड बंद करा आणि गुड मॉर्निंगचे फोटो उडवा. माझ्या फोनमध्ये नुसत्या व्हिडिओंचे ९ जीबी निघाले. मॅनेज स्टोरेजमध्ये गेलं की मोठ्या फाइल्स वर दिसतात.

सायली_क
@अंजनवेलकर काका, व्हॉट्सॲप आधीच साफ केलंय, प्रश्न गेमचा आहे.
@रानवाटा गेम बीजीएमआय. अँड्रॉइड १३. लॉगिन प्ले गेम्सने, हे भावाला विचारून लिहितेय. आकडे: ॲप साइज ३.१ जीबी, युजर डेटा ११.४ जीबी, कॅश २६ एमबी. आता क्लिअर डेटा दाबू का? तेच मोठं दिसतंय.

रानवाटा
थांब, अजून काही दाबू नकोस. आकड्यांतच उत्तर आहे.

कॅश फक्त २६ एमबी आहे, म्हणून ते बटण दाबून काही सुटलं नाही. ते बटण गेमच्या cache नावाच्या फोल्डरांपुरतंच चालतं. नकाशे, कपडे, आवाज, सीझनचे पॅच हे गेम files मध्ये ठेवतो, आणि अँड्रॉइडच्या लेखी ती कॅश नसून डेटा आहे. तुझे ११.४ जीबी ते. प्ले स्टोअर सुरुवातीचं डाउनलोड दाखवतं. नंतर गेमच्या आतून उतरवलेलं त्यात धरलेलं नसतं. म्हणून "एवढासा" गेम फुगतो.

ॲप साइजमधल्या ३.१ मध्ये गेमचा obb सुद्धा मोजलेला असतो. गेमचा मूळ माल असलेली ही भली मोठी फाइल Android/obb मध्ये बसते. क्लिअर डेटा दाबलंस तर ११.४ जातील, पण obb ला हात लागत नाही, तो अँड्रॉइड फक्त गेम काढून टाकल्यावरच पुसतं.

लॉगिन प्ले गेम्सचं आहे म्हणजे आयडी सर्व्हरवर आहे, ती जाणार नाही. पण क्लिअर डेटानंतर सेटिंग्ज, कंट्रोलचा लेआउट वगैरे जाण्याची शक्यता असते आणि भावाला सगळं पुन्हा उतरवावं लागेल. त्यापेक्षा आतून निवडून काढ.

पाटील_साहेब
एवढा पाल्हाळ कशाला? obb उडव, झालं. ते नुसतं इन्स्टॉलेशनचं पॅकेट असतं, गेम लागला की त्याचं काम संपतं. मी जुन्या फोनवर फाइल मॅनेजरने कितीदा उडवलंय.

रानवाटा
पाटील साहेब, काही गेम पहिल्यांदा उघडताना obb मधून माल बाहेर काढून data मध्ये ठेवतात. त्यांचा obb उडवला तर काही काळ गेम चालूही शकतो, तुम्हाला तसा भेटला असेल. बहुतेक गेम मात्र खेळताना थेट obb मधूनच वाचतात. तो नाही दिसला की उघडताक्षणी पुन्हा उतरवतात, नाहीतर बंद पडतात. म्हणजे आज वाचलेली जागा उद्या परत भरणार, डेटापॅक जाईल तो वेगळा.

पाटील_साहेब
माझा अनुभव खोटा आहे का मग?

रानवाटा
खोटा कशाला असेल, त्या गेमपुरता खरा असेल. तुमचा गेम कोणता होता आणि अँड्रॉइड कितवं?

पाटील_साहेब
अँड्रॉइड ८ किंवा ९. गेम रेसिंगचा होता, नाव आठवत नाही.

कऱ्हाकाठ
मी म्हणतो मेमरी कार्ड घ्या. १२८ जीबीचं टाकलं की कटकट संपली. मी सगळे गेम कार्डवर हलवले.

सायली_क
या फोनला कार्डचा स्लॉटच नाहीये. आणि साखरपुडा उद्या आहे हो!

धुकंधुकं
कार्ड असतं तरी हे गेम त्यावर नीट हलत नाहीत. ॲपचा थोडा भाग जातो, डेटा बहुतेक वेळा फोनच्याच पोटात राहतो.
सायली, लॅपटॉप आहे का? भावाला adb, म्हणजे लॅपटॉपवरून फोनला कमांड द्यायचं साधन, वापरता येत असेल तर यूएसबी डीबगिंग चालू करून ही ओळ चालवायला सांग. काही पुसलं जात नाही, नुसतं मोजतं.

```
adb shell "du -sh /sdcard/Android/obb/com.pubg.imobile/* /sdcard/Android/data/com.pubg.imobile/files/UE4Game/ShadowTrackerExtra/ShadowTrackerExtra/Saved/*"
```

adb नसेल तर केबल लावून फाइल ट्रान्सफर निवड आणि लॅपटॉपवरून तेच फोल्डर उघडून बघ. फोनच्या फाइल मॅनेजरने अडवलेलं असलं तरी केबलने सहसा दिसतं.

गोट्या७७
मुलांना १२वीत फोनच देऊ नये, हा खरा इलाज.

सायली_क
फोन माझा आहे, त्याचा नाही. भावाने ओळ चालवली. मोठं मोठं लिहिते: Paks ८.९ जीबी, Demos १.६ जीबी, Logs ३०० एमबीच्या आसपास, SaveGames अगदी किरकोळ. आणि obb मध्ये दोन फाइल्स आहेत! दोन्हींचं नाव main ने सुरू होतं, मधला आकडा वेगळा, दोन्ही साधारण १ जीबीच्या. दोन कशाला?

रानवाटा
आता नेमकं सांगता येईल.

Logs उडव, बिनधास्त. गेमने स्वतःसाठी लिहिलेल्या नोंदी आहेत.

Demos म्हणजे साठवलेले रिप्ले. भावाला विचार, एखादी मॅच जपून ठेवायची आहे का. नसेल तर आतल्या फाइल्स उडव. गेमच्या मोठ्या अपडेटनंतर जुने रिप्ले तसेही बहुधा चालत नाहीत.

SaveGames ला हात लावू नकोस. तिथे त्याची सेटिंग्ज आहेत, आणि काढून जागाही मिळणार नाही.

Paks मध्ये खरी जागा आहे, पण तिथे केबलने एकही फाइल काढू नका. कोणती पॅचची आणि कोणती नकाशाची हे नावावरून नेहमी कळत नाही. चुकीची गेली तर गेम सुरू होताना तपासणीत अडकतो आणि नको तेवढं पुन्हा उतरवतो. गेम उघडून आतल्या डाउनलोडच्या पानावर जा, तिथे प्रत्येक नकाशा आणि रिसोर्स पॅक वेगळा दिसतो. भाऊ जे नकाशे खेळत नाही ते तिथूनच काढा.

आणि लॉगिनच्या पानावरचं रिपेअर आज दाबू नका. ते जागा करायला नसून बिघडलेल्या फाइल्स पुन्हा आणायला आहे.

धुकंधुकं
दोन obb बद्दल: हा गेम कुणी शेअरिंग ॲपने दिला होता का?

सायली_क
हो! मामेभावाने दिवाळीत दिला होता, नेट वाचावं म्हणून. नंतर प्ले स्टोअरवरून अपडेट केला.

धुकंधुकं
मग एक त्याने दिलेला जुना असणार. प्ले स्टोअर स्वतः आणलेली जुनी फाइल साधारण बदलतो, हाताने आलेली राहून जाऊ शकते. तारीख बघ, जुनी असेल ती उडव.

रानवाटा
इथे मी थोडा सावध आहे. नावातला आकडा हा व्हर्जन कोड असतो खरा, पण नव्या ॲपने जुनाच obb वापरत राहणं प्ले स्टोअरला चालतं. त्यामुळे लहान आकडा म्हणजे बिनकामाची फाइल असं दर वेळी नसतं. सरळ उडवण्याऐवजी ती लॅपटॉपवर कापून ठेवा, गेम उघडा, लॉबीपर्यंत पोचला आणि काही डाउनलोड मागितलं नाही तर ती नको होती. मागितलं तर बंद करून परत जागेवर ठेवा.

धुकंधुकं
१ जीबीसाठी एवढा खटाटोप? तारखेवरून कळतंच की.

रानवाटा
कॉपी केल्यावर तारीख बदलूही शकते. आणि उद्या कार्यक्रम आहे, आज रात्री गेम दुरुस्त करत बसायचं का?

चिंचपेटी
माझ्या मुलीच्या बाबतीत वेगळं झालं, म्हणून लिहिते. दुसरा गेम होता आणि ती गेस्ट म्हणून खेळायची. क्लिअर डेटा दाबला आणि तिची सगळी लेव्हल गेली, परत मिळाली नाही. कुणी गेस्ट असेल तर आधी खातं जोडून घ्या, मग बटणांना हात लावा.

सायली_क
बरं, केलं. Logs आणि Demos रिकामे. गेममधून तीन नकाशे काढले (भाऊ फक्त एरांगेल आणि लिव्हिक खेळतो म्हणाला), Paks ८.९ वरून ६.७ वर आलं. म्हणजे साधारण ४ जीबी सुटले. जुना वाटणारा obb लॅपटॉपवर हलवला, गेम लॉबीपर्यंत गेला, काही मागितलं नाही. भावाने आयडी दोनदा तपासली, आहे. ५ जीबी पुरतील का शूटिंगला?

रानवाटा
१०८० पी, ३० फ्रेमवर ठेव. मिनिटाला साधारण १०० ते १३० एमबी धर, म्हणजे ४० मिनिटांच्या आसपास. ४के वर हीच जागा खूप लवकर संपेल. पूर्ण काठोकाठ भरू देऊ नकोस, एखादा जीबी मोकळा राहू दे. आणि उद्यापर्यंत भावाने गेममध्ये कुठलाही पॅक उतरवायचा नाही, एवढं बजावून ठेव.

पाटील_साहेब
बघा, obb हलवला तरी गेम चालला ना? मी तेच म्हणत होतो.

रानवाटा
दुसरा obb जागेवर होता, पाटील साहेब.

कऱ्हाकाठ
याच धाग्यात विचारतो. माझ्या कार्डवर com.tencent.ig नावाचा फोल्डर २ जीबीचा आहे. पबजी २०२० च्या सप्टेंबरमध्ये बंद झाला तेव्हापासून बहुतेक. फोनमध्ये गेम नाही. काढू का?

धुकंधुकं
काढा. ॲप अनइन्स्टॉल झालं की फोनमधले त्याचे दोन्ही फोल्डर अँड्रॉइड स्वतः पुसतं, पण तुम्ही हाताने कार्डवर केलेली कॉपी त्याला माहीतच नसते. ती तशीच पडून राहते.

कऱ्हाकाठ
कॉपी मी केली की मुलाने, तेच आठवत नाहीये. त्याला विचारून काढतो.