विषय: आयल्ट्स रायटिंग टास्क २ च्या निबंधाचं प्लॅनिंग

"४० मिनिटांत प्लॅनिंग कसं बसवू? कारणं-उपाय विचारणाऱ्या प्रश्नात उपाय सुचतात पण निबंध भरकटतो."

५ मिनिटं काढच, फक्त उपायापासून सुरुवात नको. कच्च्या कागदावर आधी कारण लिही आणि त्याच्यासमोरच उपाय. ट्रॅफिकचा विषय आला तर अख्खं शहर घेऊ नको, शाळा सुटतानाचा एक रस्ता घे, पालकांच्या गाड्या डबल पार्क, मागे बस अडकलेली, कारण काय तर सगळे वर्ग एकदमच सुटतात, मग उपाय आपोआप येतो, वर्ग १५-१५ मिनिटांच्या फरकाने सोडा. मी सरावात 'मेट्रो वाढवा' लिहून बसलेलो, त्याचा या कारणाशी काडीचा संबंध नाही हे शेवटच्या पॅऱ्यात कळलं 😅 आणि कारणं दोनच घे, २५०-२८० शब्दांत तिसरं नुसतं नावापुरतं येतं.