मदत हवी आहे: वाटपाचा मूळ कागद काकांकडे, माझ्याकडे फक्त झेरॉक्स. कोर्टानं निशाणी दिली नाही

बांधावरचा
आमचा शेतजमिनीच्या वाटपाचा दावा तालुक्याच्या दिवाणी कोर्टात २०२१ पासून चालू आहे. मी वादी, थोरले काका प्रतिवादी. १९९३ साली वडील, थोरले काका आणि धाकटे काका या तिघांनी पंचांसमोर वाटपाचा कागद केला. दोन पानं, वीस रुपयांचा स्टँप, तिघांच्या सह्या, रजिस्टर केलेला नाही. मूळ कागद थोरले म्हणून काकांच्या लोखंडी पेटीत राहिला आणि वडिलांनी झेरॉक्स घेतली. वडील २०१५ ला गेले.

मागच्या तारखेला माझं सरतपासाचं प्रतिज्ञापत्र दाखल झालं. झेरॉक्स पुढे करताच समोरच्या वकिलांनी हरकत घेतली. कोर्टानं तिच्यावर 'आर्टिकल ए' लिहिलं, निशाणी क्रमांक दिला नाही. आमचे वकील म्हणतात, अर्ज करू. झेरॉक्स म्हणजे कागदच नाही असं झालं का? विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या फक्त त्याच कागदात लिहिल्या आहेत.

सदाशिव_तात्या
घाबरू नका. झेरॉक्सवर नोटरीकडून 'खरी नक्कल' असा शिक्का मारून आणा, मग ती चालते. आणि कागद १९९३ चा आहे. तीस वर्षं झाली की सह्या शाबीत कराव्या लागत नाहीत, कोर्ट खरं धरूनच चालतं.

पक्षकार_नव्हे_वकील
तात्या, नोटरी काय सांगणार? 'माझ्यासमोर आलेल्या कागदाशी ही प्रत जुळते', एवढंच. इथे मूळ कागद नोटरीसमोर येणारच नाही, कारण तो पेटीत आहे. त्या शिक्क्यानं कोर्टात काही हलत नाही. तीस वर्षांचं म्हणाल तर ते गृहीतक मूळ कागद योग्य ठिकाणाहून पुढे आला तर त्याच्यासाठी आहे. प्रतीवरून मूळ कागदाच्या सह्या खऱ्या धरता येत नाहीत.

बांधावरचा, 'आर्टिकल ए' म्हणजे कागद फेटाळला असं नाही. तो ओळखीपुरता ठेवला आहे, अजून शाबीत व्हायचा आहे. झेरॉक्स नाकारली जाते ती बहुतेक वेळा दोन गोष्टी रेकॉर्डवर नसतात म्हणून. मूळ कागद का आणता येत नाही, ही एक. ही प्रत त्या मूळ कागदावरूनच निघाली हे कोण सांगणार, ही दुसरी.

म्हणून तीन गोष्टी विचारतो. मूळ कागद काकांकडे आहे हे दाव्यात लिहिलं आहे का? तो हजर करा अशी नोटीस काकांना दिली आहे का? आणि झेरॉक्स काढली तेव्हा तिथे कोण होतं?

मृण्मयी_ना
माझंही असंच झालं. फ्लॅटचं मूळ ॲग्रीमेंट घर बदलताना हरवलं. पोलिसात तक्रार केली, पेपरात जाहिरात दिली, दुय्यम निबंधकांकडून नक्कल आणली आणि बँकेनं कर्ज दिलं. तुम्हीही नक्कल काढा ना, दोन दिवसांचं काम आहे.

पक्षकार_नव्हे_वकील
ताई, तुमचा दस्त नोंदवलेला होता, म्हणून निबंधकांच्या पुस्तकात त्याची नोंद होती आणि त्यांची नक्कल दस्ताच्या मजकुरासाठी कोर्टातही चालते. यांचा कागद कधी कुठे नोंदवलाच नाही. मागायची नक्कल कोणाकडे?

बांधावरचा
दाव्यात ओळ आहे: 'मूळ कागद प्रतिवादीच्या ताब्यात आहे.' नोटीस दिलेली नाही. काकांच्या कैफियतीत 'असा कागद झालाच नाही' असं म्हटलं आहे.

झेरॉक्स काढायला मी स्वतः वडिलांबरोबर गेलो होतो. नववीत होतो. स्टँडसमोरच्या दुकानात मशीन होतं. काकांनी कागद माझ्याच हातात दिला होता आणि 'घडी मोडू नको' म्हणाले होते. दुसऱ्या पानावर ती घडी काळी आडवी रेघ होऊन उमटली आहे, आजही दिसते. हे कोणी विचारलं नाही, म्हणून प्रतिज्ञापत्रात लिहिलं नाही.

पक्षकार_नव्हे_वकील
तुमच्या प्रतिज्ञापत्रात नेमकं हेच हवं होतं. पुरावा कायद्याच्या कलम ६३ मध्ये मूळ कागदावरून यंत्रानं काढलेली प्रत हा दुय्यम पुरावा आहे. त्याच कलमाच्या उदाहरणात म्हटलं आहे की मूळ कागदाचा फोटो नंतर ताडून पाहिला नसला तरी चालतो, फक्त ज्याचा फोटो काढला तो मूळच कागद होता हे शाबीत झालं पाहिजे. मूळ कागद हातात धरून मशीनपर्यंत नेणारा माणूस म्हणजे तुम्ही. मात्र आता दाखल केलेली प्रत तीच १९९३ ची हवी. तिच्यावरून पुढे काढलेली झेरॉक्स दिली असेल तर अडचण होईल, घरची जुनी प्रत द्या.

आता क्रम. आधी वकिलांमार्फत काकांना कलम ६६ ची नोटीस द्या: अमुक तारखेचा, दोन पानी, या तिघांच्या सह्यांचा कागद कोर्टात हजर करा. वाजवी मुदत द्या आणि पोच जपून ठेवा. त्यांनी कागद आणला नाही तर कलम ६५ नं प्रतीची वाट उघडते. उलटतपास सुरू व्हायच्या आत पूरक प्रतिज्ञापत्राची परवानगी मागा. त्यात पेटी, दुकान, घडी, सगळं लिहा, पण आठवतं तेवढंच. एक शब्दही वाढवू नका, उलटतपासात तोच धरला जातो.

नोटीस मिळूनही त्यांनी कागद दिला नाही, तर पुढे स्वतःच्या सोयीनं तोच मूळ कागद तुमच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या हुकमाशिवाय त्यांना पुराव्यात वापरता येत नाही. ते कलम १६४.

नवा_कायदा
ही कलमं जुनी झाली. आता भारतीय साक्ष्य अधिनियम आहे, कलम ६० आणि ६४ पाहा.

पक्षकार_नव्हे_वकील
१ जुलै २०२४ नंतरच्या दाव्याला बरोबर. हा दावा २०२१ चा आहे. त्या तारखेला चालू असलेल्या कामांना नव्या कायद्याच्या कलम १७० नं १८७२ चाच कायदा लागू राहतो.

बांधावरचा
मग अर्ज करायचा की नाही? वकील म्हणतात, अर्ज मंजूर झाल्याशिवाय साक्ष पुढे जाणार नाही.

पक्षकार_नव्हे_वकील
सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये धनपत विरुद्ध श्योराम या निकालात म्हटलं आहे की दुय्यम पुराव्यासाठी वेगळ्या अर्जाची सक्ती नाही, पाया साक्षीतून रचता येतो. तरी खालच्या कोर्टात अर्ज मागतात. तुमच्या वकिलांचं ऐका. अर्ज मंजूर झाला म्हणून कागद शाबीत झाला असं मात्र समजू नका. सह्या कोणाच्या हे वेगळं शाबीत करावं लागेल. पंच आणि धाकटे काका आहेत का?

बांधावरचा
पंचांपैकी पोलीस पाटील गेले. धाकटे काका पुण्यात आहेत, त्यांची सही आहे. पण थोरल्या भावाविरुद्ध साक्षीला येतील का, सांगता येत नाही.

सदाशिव_तात्या
फेरफार पाहिला का? आमच्या वाटपात तलाठ्याकडे वर्दी दिली होती, त्यावर तिन्ही भावांच्या सह्या होत्या.

पक्षकार_नव्हे_वकील
तात्या, हे फार कामाचं बोललात. तहसीलच्या अभिलेख कक्षात ती वर्दी सापडली आणि थोरल्या काकांनी त्यात 'वाटपाचा कागद झाला' असं सही करून लिहिलेलं असलं, तर ती त्यांची लेखी कबुली आहे. लेखी कबुली हा स्वतंत्र मार्ग आहे. वर्दीला जोडलेली झेरॉक्स असली तर तेवढ्यानं मजकूर शाबीत होणार नाही, पण वर्दीवरची सही मोलाची.

एक गोष्ट मात्र मोकळी राहते: स्टँप. मूळ कागदालाच पुरेसा मुद्रांक नसेल तर प्रत पुढे करून ती उणीव भरून निघत नाही. कागदातली भाषा 'पूर्वी झालेलं वाटप लिहून ठेवतो' अशी आहे की 'आज वाटून घेतो' अशी?

बांधावरचा
पहिल्या पानावर 'सहा महिन्यांपूर्वी पंचांसमक्ष झालेल्या वाटपाप्रमाणे' असं आहे. दुसऱ्या पानावर, घडीच्या खाली, 'यापुढे विहिरीचं पाणी आठवड्यातले तीन दिवस धाकट्यांनी घ्यावे'.

पक्षकार_नव्हे_वकील
'यापुढे' या शब्दावर समोरचे वकील जोर देतील. ते पान घेऊन वकिलांकडे जा, इथून उत्तर देण्यासारखं नाही.

बांधावरचा
सोमवारी नोटीस निघते. अभिलेख कक्षात १९९३ आणि १९९४ च्या फेरफारांच्या नकलांसाठी अर्ज दिला आहे. धाकट्या काकांना आज फोन केला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ती घडी मीच घातली होती रे."